शिक्षणसेवकाच्या पहिल्या तीन वर्षांचा विकास आराखडा: कामाच्या नोंदी, नागपूर

२८ जून

काम असं आहे: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षणसेविकेचा तीन वर्षांचा वैयक्तिक व्यावसायिक विकास आराखडा तयार करायचा. शाळा काटोल तालुक्यातली, दोनशिक्षकी. मॅडमकडे तिसरी-चौथी एकत्र, पट १७. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे. आराखडा मॅडमच लिहितील. आमच्या गटाचं काम प्रत्येक ओळ तपासायचं आणि कुठे काय अडतंय याची नोंद ठेवायचं. बैठका नागपुरात शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर.

तीन वर्षं का, याला राज्यात सरळ कारण आहे. शिक्षणसेवकाचा मानधनावरचा काळ तीन वर्षांचा असतो आणि सेवा समाधानकारक राहिली की पुढे नियमित वेतनश्रेणी. इथेच पहिला घोटाळा होतो. आराखडा आणि सेवेचं मूल्यमापन हे दोन कागद एकच समजले जातात. तसं झालं की शिक्षक आपली अडचण कागदावर आणत नाही. ‘चौथीतली तीन मुलं अजून अक्षरंच ओळखतात’ हे वाक्य मूल्यमापनाच्या कागदावर कोण लिहील? आणि ते लिहिल्याशिवाय आराखड्याला सुरुवात होत नाही. म्हणून पहिलाच निर्णय असा की ही फाइल मॅडमची, त्यांच्या कपाटात राहील. मुख्याध्यापकांना त्यातला ठरलेला भाग दिसेल. सेवापुस्तकाशी तिचा संबंध नाही.

मॅडमनी आणलेल्या पहिल्या मसुद्यात ११ उद्दिष्टं होती. ‘अध्यापन अधिक प्रभावी करणे’, ‘तंत्रज्ञानाचा वापर वाढवणे’, ‘पालकसंपर्क वाढवणे’, ‘शैक्षणिक साहित्य निर्माण करणे’ असं सगळं. प्रत्येक ओळीला एकच कसोटी लावली. मार्च महिन्यात दोन वेगवेगळ्या माणसांनी ही ओळ वाचली, तर ‘झालं’ की ‘नाही झालं’ यावर दोघांचं एकमत होईल का? अकराच्या अकरा ओळी गळाल्या. साहित्यनिर्मितीची ओळ थोडी टिकेल असं वाटलं होतं, कारण साहित्य मोजता येतं. पण भिंतीवर तक्ते लागले म्हणून वर्गात काय बदललं, हे त्यातून कळत नाही.

१ जुलै

उद्दिष्ट लिहिण्याआधी वेळ मोजला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे, आणि शिक्षकासाठी तयारीचा वेळ धरून आठवड्याला किमान ४५ तास. कागदावर तयारीचा वेळ भरपूर दिसतो. प्रत्यक्षात त्यात शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, पंचायत समितीतल्या बैठका आणि अचानक मागितलेले तक्ते बसतात. मॅडमच्या मागच्या आठवड्याचा हिशेब मांडला तेव्हा आराखड्याच्या कामासाठी खात्रीने मिळणारा वेळ आठवड्याला दोन तास निघाला. त्यातला एक तास शनिवारचा.

दोन तासांत ११ उद्दिष्टं चालत नाहीत. पहिल्या वर्षाला दोन ठरली. तिसरं घालायचा मोह झाला होता, पण आवरला.

प्रशिक्षणाचाही प्रश्न निघाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. आदेशाने येणारी प्रशिक्षणं, दीक्षा या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम आणि आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद धरली की त्यातले बरेचसे तास भरतात. त्यांची नोंद आराखड्यात एका वेगळ्या पानावर ठेवायची: तारीख, विषय, तास. मात्र प्रमाणपत्र पुरावा म्हणून लावायचं नाही. प्रमाणपत्रावरून माणूस हजर होता एवढंच कळतं. प्रत्येक प्रशिक्षणापुढे एक रकाना रिकामा ठेवला आहे, ‘दोन आठवड्यांत वर्गात काय करून पाहिलं’. तो रिकामाच राहिला तर राहू द्यायचा. ओढूनताणून भरला तर पान खोटं होतं.

५ जुलै

मुलांची सुरुवातीची पातळी घेतली. चार टप्प्यांची साधी वाचन तपासणी वापरली, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. असर सर्वेक्षणामुळे ही पद्धत गावोगावच्या शिक्षकांना माहीत आहे. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल अडखळत एकेक शब्द सुटा वाचत असेल किंवा तीनपेक्षा जास्त चुका करत असेल, तर शब्दांवर यायचं. परिच्छेद जमला तर गोष्टीकडे. शब्द आणि अक्षरं पाच-पाच वाचायला द्यायची, चार बरोबर आली की तो स्तर मिळाला. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात. १७ मुलं दोन दिवसांत झाली.

निकाल: अक्षर ३, शब्द ५, परिच्छेद ५, गोष्ट ४.

तपासणी बिघडते कुठे, ते लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी मजकूर मागच्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकातला घेतला होता. एक मुलगा फाडफाड वाचत गेला. त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या ओळीवर. पाठ होतं सगळं. मजकूर बदलला, तर तो शब्द स्तरावर आला. तेव्हा मजकूर मुलांनी न पाहिलेला हवा आणि निदान दोन नमुने हवेत, कारण ओसरीवर रांगेत उभ्या मुलांना आतलं ऐकू जातं. तिसऱ्या मुलापर्यंत गोष्ट सगळ्यांना ठाऊक झालेली असते.

दुसरी गोष्ट या भागाची. घरी वऱ्हाडी-नागपुरी बोलणारं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं आणि ‘डोळा’ला ‘डोया’. छापलेलं ‘पाणी’ पाहून ते ‘पानी’ म्हणालं, तर त्याने शब्द वाचलेला आहे. ही वाचनाची चूक धरायची नाही. मॅडमनी पहिल्या दिवशी धरली होती, त्यामुळे दोन मुलं एक स्तर खाली गेली होती. ती फिरून तपासली. वरचा निकाल दुरुस्तीनंतरचा आहे.

८ जुलै

मुलांची पातळी कळली, आता शिकवण्याची. ही बाजू बहुतेक आराखड्यांत नसतेच. मुलांची सुरुवात नोंदलेली असते, शिक्षकाची नाही. मग वर्षअखेरीला आकडा हलला तर तो कशाने हलला, ते सांगता येत नाही.

मोबाइल टेबलावर ठेवून मराठीच्या तासिकेतली २० मिनिटं फक्त आवाज रेकॉर्ड केला. मुख्याध्यापकांना आधी सांगितलं होतं. रेकॉर्डिंग मॅडमच्याच फोनमध्ये राहील, मोजणी झाली की पुसायचं, कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही. व्हिडिओ मुद्दाम घेतला नाही. कॅमेरा दिसला की मुलं आणि शिक्षक दोघेही वेगळे वागतात, आणि मुलांचे चेहरे सांभाळत बसायची जबाबदारी येते.

ऐकताना दोनच गोष्टी मोजल्या. प्रश्न विचारल्यावर उत्तर कोणी दिलं, आणि प्रश्न संपल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंत किती वेळ गेला. ही थांबण्याची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. स्टॉपवॉचने सेकंदाचे भाग मोजायचा प्रयत्न वाया गेला, अंगठाच तेवढा उशीर करतो. म्हणून दोनच खाने केले: तीन सेकंदांच्या आत आणि तीन सेकंद किंवा जास्त. मनात ‘एक अंक, दोन अंक, तीन अंक’ म्हणत मोजलं तरी चालतं. दोघांनी वेगवेगळं मोजलं तेव्हा फरक एकाच प्रश्नाचा आला.

२० मिनिटांत २२ प्रश्न. त्यातल्या १४ ना साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं (‘समजलं ना?’ ‘होऽऽ मॅडम’). ६ उत्तरं त्याच तीन मुलांची. उरलेली २ इतरांची. तीन सेकंद थांबणं ४ वेळा.

मॅडम ऐकून म्हणाल्या, “मला तर वाटत होतं, वर्ग छान बोलतोय.” वर्ग बोलत होताच, पण बोलणारी मुलं तीनच होती.

१० जुलै

पहिलं उद्दिष्ट लिहिलं. तीन मसुदे झाले. तिन्ही इथे ठेवतो, कारण चूक दोन्ही बाजूंना होते.

मसुदा एक: ‘वर्षअखेर तिसरी-चौथीतील सर्व विद्यार्थी अस्खलित वाचतील.’ हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यावरून आलेलं आहे. तिथे तिसरीच्या अखेरीला अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द असं लक्ष्य आहे. ते मुलाचं आणि साऱ्या व्यवस्थेचं लक्ष्य. शिक्षकाच्या आराखड्यात ते जसंच्या तसं उतरवलं की शिक्षक स्वतः काय वेगळं करणार हे वाक्यातून गायब होतं. शिवाय ‘सर्व’ हा शब्द घातकी. एक मूल दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कापूस वेचायला गेलं की उद्दिष्ट हुकलं, आणि त्यातून शिकायला काही मिळालं नाही.

मसुदा दोन: ‘दररोज वाचनाचा सराव घेईन.’ आता शिक्षक वाक्यात आला, पण मुलं गेली. सराव झाला आणि कुणीच हललं नाही, तरी हे उद्दिष्ट पूर्ण.

मसुदा तीन, जो ठेवला:

‘१४ जुलै ते ११ ऑक्टोबर, आठवड्यातून चार दिवस, २५ मिनिटं, अक्षर आणि शब्द स्तरावरच्या ८ मुलांना मी वेगळं बसवून वाचन शिकवीन. २३ ऑगस्टला आणि ११ ऑक्टोबरला तीच चार टप्प्यांची तपासणी नव्या मजकुरावर घेईन. ११ ऑक्टोबरपर्यंत ८ पैकी किमान ५ मुलं निदान एक स्तर वर गेलेली असतील. गेली नाहीत तर कारण शोधून पद्धत बदलीन.’

पाच का? सहा किंवा चारही लिहिता आले असते. हा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच फाइलमध्ये लिहिला आहे. पुढच्या टप्प्यात आकडा बदलेल. आठपैकी आठ लिहिलं की फाइल घाबरवते, दोन लिहिलं की काहीच मागत नाही.

या वाक्यातला सगळ्यात कठीण प्रश्न मात्र त्यात लिहिलेलाच नाही. त्या २५ मिनिटांत बाकीची ९ मुलं काय करणार? बहुवर्ग शाळेत आराखडे इथेच कोसळतात. आठ मुलं घेऊन बसायचं, तर नऊ मुलांना दुसऱ्या कोपऱ्यात असं काम हवं जे कुणी न विचारता २५ मिनिटं चालेल. ठरलं ते असं: गोष्ट स्तराचं एक मूल आणि परिच्छेद स्तराचं एक मूल अशा चार जोड्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून ऐकायचं, मग उलट. शेवटी दोघांनी मिळून वहीत तीन वाक्यं लिहायची. परिच्छेद स्तरावर पाच मुलं असल्याने एक उरतं, ते एका जोडीत तिसरं बसेल. वह्या दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर चाळायच्या, तिथल्या तिथे तपासायला उठायचं नाही.

दुसरं उद्दिष्ट थोडक्यात: मराठीच्या २० मिनिटांच्या भागात निम्म्याहून जास्त प्रश्न नाव घेऊन एकेकट्या मुलाला, निदान सहा वेगळ्या मुलांना, आणि निम्म्या प्रश्नांनंतर तीन सेकंद थांबणं.

१९ जुलै

पुराव्यांचं पान. इथे सगळ्यात जास्त वाद झाला.

मॅडमची फाइल पहिल्याच आठवड्यात ४० फोटोंनी भरली होती. गोलात बसलेली मुलं, हातात कार्ड, सगळी कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. अशा फोटोतून वाचन झालं की नाही ते कळत नाही. फोटो ठेवायचाच तर वहीच्या पानाचा, वर तारीख असलेला. तेही एकाच मुलाची दोन पानं, सहा आठवड्यांच्या अंतराने. मुलाचं नाव झाकून.

प्रत्येक उद्दिष्टाला तीन बाजूंचा पुरावा ठरवला. शिक्षकाने काय केलं, दुसऱ्या कुणी काय पाहिलं, आणि मुलांना काय जमलं. तिन्ही असल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. वाचनाच्या उद्दिष्टासाठी पहिली बाजू म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा एक ठिपका. २५ मिनिटं झाली तर भरीव, अर्धवट झाली तर पोकळ, झाली नाहीत तर रिकामं आणि शेजारी एका शब्दात कारण. दुसरी बाजू मुख्याध्यापकांची दोन निरीक्षणं. तिसरी वाचन तपासणीचा एकपानी तक्ता. एका टप्प्याचा पुरावा तीन-चार कागदांवर जाऊ लागला, तर समजायचं की पुरावा गोळा करणं हेच काम होऊन बसलंय.

आणखी एक खूण. महिन्याचे सगळे ठिपके एकाच पेनाने, एकाच दाबाने आणि एका ओळीत नीट आले असतील, तर ते महिनाअखेरीला बसून भरलेले असतात. खरं कॅलेंडर घाणेरडं दिसतं. निळी शाई, काळी शाई, एखादा दिवस शिसपेन्सिल.

२६ जुलै

निरीक्षण कोण करणार? केंद्रप्रमुखांकडे अनेक शाळा, त्यांची भेट कधी होईल सांगता येत नाही. उरले मुख्याध्यापक. पण ते मॅडमच्या वर्गात येऊन बसले, तर पहिली-दुसरीकडे कोण? पूर्ण तासिकेचं निरीक्षण दोनशिक्षकी शाळेत होत नाही, आणि आराखड्यात ते लिहिलं की पहिल्याच महिन्यात हुकतं. १५ मिनिटं ठरवली, परिपाठानंतर लगेच. तेव्हा पहिली-दुसरीला मणी-काड्यांचं मोजण्याचं काम दिलेलं असतं आणि मधलं दार उघडं राहतं.

निरीक्षणाचा कागद म्हणजे वर्गाच्या बैठकीचा नकाशा, १७ चौकोन. ज्या मुलाने उत्तर दिलं त्याच्या चौकोनात रेघ. तीन सेकंद थांबल्यावर आलेल्या उत्तराच्या रेघेला टोपी. एका सुरातल्या उत्तरांसाठी बाजूला वेगळा खाना. बस, एवढंच. सरांनी आधी आपली जुनी पाठनिरीक्षण वही आणली होती, त्यात फलकलेखन, आवाज, साहित्य आणि वर्गनियंत्रण असे रकाने. ते सगळं पाहायला गेलं की एकही गोष्ट मोजली जात नाही, आणि शेवटी ‘पाठ चांगला झाला’ एवढा शेरा उरतो.

मॅडमनी सरांना सांगितलं, “सर, या वेळी तुम्ही फक्त मोजा. मत उद्या सांगा.” नवख्या शिक्षिकेने वयाने मोठ्या मुख्याध्यापकांना हे म्हणणं सोपं नाही. म्हणून ही विनंती आराखड्यातच छापून घेतली आहे, म्हणजे दर वेळी तोंडाने म्हणावी लागत नाही. सरांना ती आवडली, त्यांचंही काम हलकं झालं.

२ ऑगस्ट

वेळापत्रक. छापील नमुन्यांत वर्षाचे चार सारखे तुकडे असतात. विदर्भातल्या शाळेला ते बसत नाहीत. शाळा जूनच्या अखेरीस उघडते. पोळा, मारबत, तान्हा पोळा हे दिवस लागून येतात आणि आसपास हजेरी पातळ होते. नंतर गणपती. दसरा-दिवाळीत पहिलं सत्र संपतं. दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, मोठी मुलं शेतावर किंवा धाकट्या भावंडांपाशी घरी. उन्हाळा चढला की शाळा सकाळची होते, तासिका आखूड होतात आणि वार्षिक मूल्यमापनाची घाई सुरू होते.

हे कॅलेंडरवर आखल्यावर सहा-सहा आठवड्यांचे चारच टप्पे उरले. १४ जुलै ते २३ ऑगस्ट, १ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर, दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर, आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. मार्च-एप्रिलमध्ये नवं काही सुरू करायचं नाही, त्या काळात फक्त पुढच्या वर्षाची सुरुवातीची पातळी घ्यायची. टप्प्यांच्या मधला आठवडा कागद वाचायला मोकळा.

तिसऱ्या टप्प्यासाठी एक वेगळा नियम लिहिला. त्या सहा आठवड्यांत जे मूल निम्म्याहून कमी दिवस आलं, त्याचा निकाल वेगळ्या ओळीत. नाहीतर वेचणीचा परिणाम पद्धतीच्या माथी बसतो. त्या मुलाला आकड्यातून वगळायचं, कामातून नाही. ते परत आल्यावर कुठून सुरू करायचं याची एक ओळ त्याच्या नावापुढे हवी.

२५ ऑगस्ट

पहिला आढावा. कागद ठरलेल्या क्रमाने वाचले: आधी ठिपके, मग निरीक्षण, मग मुलं. उलट्या क्रमाने वाचलं की निकाल पाहून मन ठरतं आणि बाकीचे कागद त्याला जुळवले जातात.

ठिपके. सहा आठवड्यांचे २४ व्हायला हवे होते, भरीव १३. हुकलेल्या ११ पैकी २ सुट्ट्या, ३ प्रशिक्षण आणि बैठक, आणि ६ पुढे शब्द होता ‘जेवण’. सराव मधल्या सुट्टीनंतर ठेवला होता. पोषण आहार, भांडी, हात धुणं आणि नोंद यात तासिकेची सुरुवात रोज सरकत होती आणि शेवटची २५ मिनिटं हातातून जात होती.

निरीक्षण. सरांच्या नकाशावर १५ मिनिटांत १२ प्रश्न, त्यातले ४ एका सुरात, ८ एकेकट्याला, सहा वेगळ्या मुलांना. टोपीच्या रेघा ६. दुसरं उद्दिष्ट सहा आठवड्यांतच गाठलं. आता ते वाढवायचं नाही, टिकतं का हे दिवाळीनंतर एकदा पाहायचं. प्रश्नांची संख्या कमी होईल अशी अपेक्षा होती, कारण थांबण्यात वेळ जातो. नकाशावर आणखी एक गोष्ट दिसली जी कुणी शोधत नव्हतं: खिडकीकडच्या रांगेत एकही रेघ नाही. मॅडम टेबलाच्या उजव्या बाजूला उभ्या राहतात.

मुलं. ८ पैकी ३ एक स्तर वर, ४ जागेवर, १ तपासणीच्या दोन्ही दिवशी गैरहजर.

मॅडमना लगेच पद्धत बदलायची होती, शब्दकार्डांऐवजी गोष्टीची पुस्तकं. गटाने अडवलं. २४ पैकी १३ दिवसच झालेल्या गोष्टीला ‘चालली नाही’ म्हणता येत नाही. औषधाचा अर्धा डोस घेऊन औषध बदलण्यासारखं ते. दुसऱ्या टप्प्यात पद्धत तीच, फक्त जागा बदलली: परिपाठानंतर लगेच, पहिल्या तासिकेत. सरांची निरीक्षणाची वेळही तीच असल्याने एक बरं झालं, आता ते हेच काम पाहतील.

एक छोटा बदल मात्र आत्ताच केला, कारण तो कागदावर स्पष्ट होता. जागेवर राहिलेल्या चारपैकी तिघांच्या चुका एकाच जातीच्या आहेत. ‘मीठ’ला ‘मठ’, ‘कुलूप’ला ‘कलप’, ‘पैसे’ला ‘पसे’. अक्षर ओळखतात, स्वरचिन्ह सोडून देतात. चौथ्याची अडचण वेगळी, तो ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळतो. तपासणीच्या तक्त्यात फक्त स्तर लिहिला असता तर चौघे सारखेच दिसले असते. तक्त्यात ‘मूल प्रत्यक्षात काय म्हणालं’ हा रकाना घातला. तिघांसाठी पहिली दहा मिनिटं एकच अक्षर आणि बदलती चिन्हं: म, मा, मि, मी, मु, मू, मे, मै. चौथ्यासाठी दोनदोन अक्षरांच्या जोड्या वाळूत गिरवून.

३० ऑगस्ट

दुसरं आणि तिसरं वर्ष. इथे उलटी चूक होते. पहिल्या वर्षाइतक्याच तपशिलाने तिन्ही वर्षं भरली जातात आणि पुढच्या वर्षी वर्ग बदलला की अर्धी फाइल रद्दी. दोनशिक्षकी शाळेत तर मॅडमकडे पहिली-दुसरीही येऊ शकते.

दुसरं वर्ष अर्धंच लिहिलं. विषय गणित, उद्दिष्ट मुलांच्या चुका वाचून त्यावर पुढचा तास आखण्याचं. वाचनात स्वरचिन्हांच्या चुकांनी जे दाखवलं तीच नजर आता वजाबाकी-भागाकाराकडे. कुठलाही वर्ग मिळाला तरी हे लागू पडतं. सुरुवातीची पातळी कधी घ्यायची ती तारीख लिहिली, एप्रिलचा पहिला आठवडा. किती मुलं, किती स्तर, हे आकडे रिकामे. सुरुवात मोजल्याशिवाय ते भरायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षाला एक वाक्य: केंद्राच्या शिक्षण परिषदेत ३० मिनिटं स्वतःच्या वर्गातल्या चुकांचे तक्ते मांडायचे आणि दुसऱ्या एका शाळेतल्या शिक्षकाबरोबर एकमेकांच्या वर्गाचा १७ चौकोनांसारखा नकाशा भरायचा. पुरावा म्हणजे त्या दुसऱ्या शिक्षकाने भरलेला नकाशा. आभाराचं पत्र चालणार नाही. ‘डाएटच्या प्रशिक्षणात साधनव्यक्ती होणे’, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणे, असं मॅडमनी लिहिलं होतं, ते काढलं. ती निवड दुसऱ्याच्या हातात आहे, आणि जे आपल्या हातात नाही ते उद्दिष्ट म्हणून लिहिलं की तीन वर्षं वाट पाहण्यात जातात.

६ सप्टेंबर

आराखडा दोन पानांवर बसला. पहिल्या पानावर या वर्षाची दोन उद्दिष्टं, प्रत्येकाखाली चार ओळी: सुरुवात काय होती, मी काय करणार, तीन बाजूंचे पुरावे कोणते, कधी वाचायचे. दुसऱ्या पानावर टप्प्यांच्या तारखा आणि पुढच्या दोन वर्षांच्या अर्ध्या ओळी. खाली एक जागा आहे, ‘काय सोडलं आणि का’. पहिल्या मसुद्यातल्या ११ पैकी पालकसंपर्क तिथे आला, कारण सोडला म्हणजे विसरला असं नको. तंत्रज्ञानाची ओळ तिथेही नाही.

या आठवड्याचे ठिपके: चारपैकी चार भरीव, एक निळा, तीन काळे. गैरहजर राहिलेलं मूल बुधवारी आलं, त्याची तपासणी घेतली, शब्दावरून परिच्छेदावर. म्हणजे ८ पैकी ४. खिडकीकडच्या रांगेसाठी मॅडमनी टेबलच भिंतीकडे सरकवला आहे. सरांचं पुढचं निरीक्षण १८ सप्टेंबरला.